६२ जणांनी फॉर्म भरला, म्हणून विद्यार्थ्यांचं मत कळलं का?

विद्यार्थ्यांचे रिसर्च पेपर आणि शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट वाचताना एक वाक्य मला इतक्या वेळा दिसतं की आता नजर आपोआप त्याच्यावरच जाते. "या अभ्यासातून असे दिसून येते की ७३ टक्के विद्यार्थ्यांना रेकॉर्डेड लेक्चरमुळे विषय जास्त चांगला समजतो." मग मी पानं मागे उलटत जाते आणि हे ७३ टक्के नक्की कुणाचे ते शोधते, आणि बहुतेक वेळा ते मेथडॉलॉजीच्या दोन ओळींत सापडतं: गुगल फॉर्म बनवला, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, ६२ रिस्पॉन्स आले.

एवढ्या माहितीवरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे एकच उदाहरण शेवटपर्यंत ओढून दाखवते. आकडे मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून ठरवलेत, पण प्रकार अगदी रोजचा आहे.

समजा कॉलेजमध्ये १८०० विद्यार्थी आहेत. पेपर लिहिणारी मुलगी ज्या तीन ग्रुपमध्ये आहे त्यात मिळून ३०० जण आहेत, तिने तिथे लिंक टाकली, दोनदा आठवण केली, ६२ जणांनी फॉर्म भरला आणि त्यातले ४५ "हो, रेकॉर्डेड लेक्चरमधून जास्त समजतं" म्हणाले. ४५ भागिले ६२, झाले ७३ टक्के. इथपर्यंत काहीच चूक नाही, चूक होते ती पुढच्या वाक्यात, जिथे "फॉर्म भरलेल्या ६२ पैकी ४५ जण" हे शब्द गळतात आणि त्यांच्या जागी नुसतं "विद्यार्थी" येतं.

आता यावर गाइड काय म्हणतात, तर "सॅम्पल लहान आहे." आणि विद्यार्थीही लिमिटेशन्समध्ये तेच लिहून मोकळे होतात, सॅम्पल लहान होते, वेळ कमी होता. माझं म्हणणं असं आहे की इथे दोन वेगळे आजार आहेत आणि आपण दोघांना एकच औषध देतोय. एक आजार लहानपणाचा आणि दुसरा एकांगीपणाचा, आणि पहिला त्यामानाने किरकोळ आहे.

लहानपणाचा आधी बघू. समजा ही ६२ माणसं १८०० मधून खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली असती आणि सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, तरी दुसऱ्यांदा चिठ्ठ्या काढल्यावर वेगळी ६२ आली असती आणि आकडा थोडा हलला असता. किती हलला असता याचा ढोबळ अंदाज घ्यायला एक सोपा हिशोब आहे, १०० ला सॅम्पलच्या वर्गमूळाने भागायचं. ६२ चं वर्गमूळ साधारण ७.९, म्हणजे उत्तर १३ च्या आसपास. ही जास्तीत जास्त चूक, आकडा ५० टक्क्यांच्या जवळ असतो तेव्हाची. आपला आकडा ७३ आहे म्हणून नीट सूत्राने ती ११ वर येते. म्हणजे खरा आकडा ६२ ते ८४ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता आलं असतं. पट्टा रुंद आहे, पण निदान "निम्म्याहून जास्त" हे तरी टिकलं असतं. म्हणजे सॅम्पल नुसतं लहान असतं तर या पेपरचं तसं फार बिघडलं नसतं.

(लहानपणा खरा चावतो तो पोटभाग पाडल्यावर. त्या ६२ मध्ये ४८ मुली आणि १४ मुलगे आहेत असं धरा, मुलींपैकी ३६ हो म्हणाल्या म्हणजे ७५ टक्के, मुलग्यांपैकी ९ म्हणजे ६४ टक्के, आणि पेपरमध्ये लगेच एक बार चार्ट आणि खाली "मुलींना रेकॉर्डेड लेक्चरचा फायदा मुलांपेक्षा जास्त". आता फक्त दोन मुलग्यांनी वेगळं उत्तर दिलं असतं तर १४ पैकी ११ म्हणजे ७९ टक्के झाले असते आणि निष्कर्ष उलटा फिरला असता. दोन माणसांवर उभा असलेला निष्कर्ष लिहूच नये, आणि हे तपासायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, दोन उत्तरं बदलून बघायची आणि वाक्य उभं राहतं का ते पाहायचं.)

आता दुसरा आजार. चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. ही ६२ माणसं तिने निवडली नाहीत, त्यांनी स्वतःला निवडलं. लिंक ३०० जणांना दिसली आणि २३८ जणांनी ती सोडून दिली, हे २३८ पेपरमध्ये कुठेच नसतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण अख्ख्या पेपरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे.

त्या २३८ ना हिशोबात घेऊन बघा. त्यांच्यापैकी एकही जण "हो" म्हणणारा नसेल तर ३०० पैकी हो म्हणणारे फक्त ४५, म्हणजे १५ टक्के. सगळेच्या सगळे हो म्हणणारे असतील तर २८३, म्हणजे ९४ टक्के. म्हणजे त्या तीन ग्रुपपुरतं बोलायचं तरी, कुठलंही गृहीतक न धरता, हातातला पुरावा एवढंच सांगतो की खरा आकडा १५ आणि ९४ च्या मध्ये आहे. आता कुणी म्हणेल हे टोकाचं आहे, असं थोडंच असतं, आणि ते बरोबरही आहे, खरा आकडा टोकाला नसणार. पण मग मधला कुठला, हे सांगायला काहीतरी धरून चालावं लागतं, आणि ७३ लिहिताना तिने गुपचूप एक गोष्ट धरलीये, की फॉर्म न भरणारे अगदी भरणाऱ्यांसारखेच आहेत.

ते तसे आहेत का? थोडा विचार करा. ऑनलाइन शिकण्याबद्दलचा ऑनलाइन फॉर्म कोण भरतं. ज्याचं नेट बरं चालतं, जो फोनवर सहज वावरतो, ज्याला या विषयात काहीतरी बोलायचंय, तो. ज्याच्याकडे डेटा पुरत नाही, जो रेकॉर्डिंग उघडतच नाही, जो ग्रुप म्यूट करून बसलाय, तो भरत नाही, आणि रेकॉर्डेड लेक्चरबद्दल त्याचं मत वेगळं असण्याची शक्यता भरपूर. म्हणजे ही चूक एका बाजूला झुकलेली आहे, ७३ हा आकडा बहुधा वरच्या बाजूला फुगलाय. आणि अशी चूक सॅम्पल वाढवून जात नाही. त्याच पद्धतीने ६२ च्या जागी ६२० गोळा केले तर तोच फुगलेला आकडा जास्त आत्मविश्वासाने मिळेल, एवढंच.

शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे, पण ते कधी, तर शीत पातेल्यातून कुठूनही उचललेलं असेल तेव्हा. वरच्या वर तरंगणारी शितंच उचलली तर शंभर उचलूनही तळाचं काही कळत नाही.

मोठ्या सॅम्पलने हा आजार जात नाही याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ चं, अमेरिकेतलं. लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिक-साप्ताहिकांच्या जगात वजन असलेल्या नियतकालिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या याद्या, गाडीमालकांच्या नोंदी वगैरेंमधून. २० लाखांहून जास्त उत्तरं परत आली, त्यावरून त्यांनी सांगितलं की विरोधी उमेदवार लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि लँडन फक्त दोन राज्यांत जिंकले. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान सॅम्पलवरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

हे उदाहरण बहुतेक पुस्तकांत "तेव्हा टेलिफोन आणि गाड्या श्रीमंतांकडेच होत्या म्हणून यादीच चुकली" असं सांगून संपवतात. यादी झुकलेली होतीच, पण नंतर १९८८ मध्ये पेव्हरिल स्क्वायर या संशोधकाने त्या काळच्याच एका गॅलप सर्व्हेचा डेटा काढून तपासलं, आणि त्यात असं दिसलं की ज्यांना मतपत्रिका मिळाल्या त्या सगळ्यांनी त्या परत पाठवल्या असत्या तर त्या चुकलेल्या यादीवरूनसुद्धा जिंकणारा माणूस बरोबर आला असता. म्हणजे घात नुसत्या यादीने केला नाही, गप्प बसलेल्या लाखो लोकांनीही केला. आपल्या पेपरमधले ते २३८, तोच प्रकार, फक्त आकारात फरक.

म्हणूनच एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. बरेच विद्यार्थी सॅम्पल किती हवं हे सांगणारा क्रेज्सी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता जोडतात, त्यात १८०० च्या लोकसंख्येला ३१७ सॅम्पल पुरेसं असं लिहिलेलं असतं, आणि मग ३१७ फॉर्म भरून घेण्यासाठी जिवाचं रान करतात, मित्रांच्या मित्रांना, बहिणीच्या कॉलेजला, कुणालाही लिंक पाठवतात. तो तक्ता रँडम निवडीसाठी आहे. त्यातला हिशोब फक्त पहिल्या आजाराचा आहे, चिठ्ठ्या कशा पडल्या त्या नशिबाच्या चुकीचा. कोण आलं आणि कोण आलं नाही याबद्दल तो काहीच बोलत नाही, त्यामुळे लिंक फिरवून गोळा केलेल्या ३१७ ना तो तक्ता लावणं म्हणजे दुसऱ्याच्या आजाराचं प्रिस्क्रिप्शन आपल्यासाठी वापरणं.

मग करायचं काय? विद्यार्थ्याकडे पैसे नाहीत, वेळ नाही, हे मला माहितीये. पण २५० जास्तीचे फॉर्म गोळा करायला जेवढे कष्ट लागतात त्याच्या एक चतुर्थांश कष्टात यापेक्षा खूप चांगलं काम होतं. ग्रुपमधल्या ३०० जणांची यादी आहेच, तिला नंबर द्या आणि रँडम नंबर काढून ३८ नावं निवडा. त्यांना एकेकाला गाठा, समोरासमोर किंवा फोन करून, आणि आधी विचारा की फॉर्म भरला होता का. साधारण आठेक जण आधीच भरलेले निघतील, त्यांना सोडा. उरलेल्या ३० ना फक्त तो एक मुख्य प्रश्न विचारा, अख्खा फॉर्म नाही.

समजा त्यातले २६ जण बोलले आणि ११ हो म्हणाले, म्हणजे ४२ टक्के. आता हे २६ जण त्या गप्प २३८ चे प्रतिनिधी झाले. २३८ चे ४२ टक्के म्हणजे साधारण १०१, त्यात आधीचे ४५ मिळवा, १४६. ३०० पैकी १४६ म्हणजे ४९ टक्के. ७३ वरून ४९! पेपरचं मुख्य वाक्यच पडलं, आणि ते पाडलं २६ उत्तरांनी, जी आधीच्या ६२ पेक्षा संख्येने निम्मीही नाहीत. अर्थात २६ म्हणजे पहिला आजार पुन्हा आलाच, त्यामुळे हा ४९ नुसता ४९ नाही, हिशोब केला तर तो ३४ ते ६४ च्या पट्ट्यात येतो. आणि चार जण तरीही बोलले नाहीत, ते लिहायचं. पण १५ ते ९४ वरून ३४ ते ६४ वर येणं ही खरी कमाई आहे, आणि ती रँडम निवडीमुळे झाली. ही पद्धत नवीन नाही, हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्येच उत्तर न देणाऱ्यांमधून छोटं सॅम्पल काढून त्यांच्यापर्यंत जाण्याचा हा मार्ग मांडून ठेवलाय.

एवढंही जमत नसेल तर निदान दोन खुणा तपासता येतात. एक, फॉर्मवर वेळेची नोंद असते, त्यावरून पहिल्या दिवशी लगेच भरणारे आणि दोन आठवणींनंतर भरणारे वेगळे काढा आणि त्यांची उत्तरं ताडून बघा. उशिरा भरणारे बऱ्याचदा न भरणाऱ्यांच्या जवळचे असतात, सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण पहिल्यांचे ८० टक्के आणि शेवटच्यांचे ५५ असा उतार दिसला तर समजायचं की न भरणारे आणखी खाली असू शकतात. दुसरं, ज्या गोष्टी ऑफिसमधून आधीच माहीत आहेत, उदाहरणार्थ कुठल्या वर्षाचे किती, मुली किती, हॉस्टेलवर किती, त्या आपल्या ६२ शी जुळतात का ते बघा. आपल्या ६२ मध्ये ७७ टक्के मुली आहेत आणि ग्रुपमध्ये ५० टक्केच असतील तर सॅम्पल झुकलंय याची ती सरळ खूण. मात्र जुळलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कारण नेट कुणाचं बरं आहे हे ऑफिसच्या यादीत नसतं.

आणि हे सगळं नीट केलं तरी निष्कर्ष त्या तीन ग्रुपपुरताच. उरलेल्या १५०० जणांना लिंकच गेली नव्हती, त्यांच्याबद्दल पेपर काहीच सांगत नाही, मग "आजची तरुण पिढी" तर फारच लांब राहिली. शिवाय विचारलं काय होतं, तर "जास्त समजतं असं तुम्हाला वाटतं का". समजतं असं वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं, दुसरं मोजायला परीक्षेचे मार्क किंवा एखादी टेस्ट लागेल. हा सॅम्पलचा दोष नाही, पण त्याच वाक्यात लपून बसतो म्हणून सांगितलं.

लिमिटेशन्सचं पान कसं लिहायचं यावर माझं मत ठाम आहे. "सॅम्पल लहान होते" या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. तिथे तीन गोष्टी हव्यात, कोण सुटलं, ते सुटल्यामुळे आकडा कुठल्या बाजूला झुकला असेल, आणि किती झुकला तर निष्कर्ष पडेल. आपल्या उदाहरणात तिसरी गोष्ट काढता येते: ३०० चे निम्मे १५०, त्यातले ४५ मिळालेत, म्हणजे गप्प २३८ पैकी निदान १०५ जण, सुमारे ४४ टक्के, हो म्हणणारे असतील तरच "निम्मे विद्यार्थी" हे वाक्य टिकतं. हे लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवू शकतो की ४४ टक्के पटण्यासारखे आहेत का. आणि मुख्य म्हणजे हे शेवटच्या पानावर लिहून सारांशात पुन्हा "७३ टक्के विद्यार्थी" ठेवायचे नाहीत, हे मी सतत बघते, मर्यादा एकीकडे कबूल आणि निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा.

सारांशातलं वाक्य असं होऊ शकतं: "तीन ग्रुपमधल्या ३०० पैकी ६२ विद्यार्थ्यांनी फॉर्म भरला, त्यातल्या ४५ जणांना रेकॉर्डेड लेक्चरमधून जास्त समजतं असं वाटतं. फॉर्म न भरलेल्यांपैकी रँडम निवडलेल्या ३० पैकी २६ जण बोलले आणि त्यातल्या ११ जणांचं हेच मत निघालं, म्हणून या ग्रुपमध्ये हे मत साधारण निम्म्यांचं असावं असा अंदाज आहे." लांब आहे, मान्य. पण यातला प्रत्येक शब्द व्हायवामध्ये कुणी विचारलं तर उभा राहतो.

आता उलट बाजूही सांगते, कारण हे सगळं ऐकून काही जण घाबरून म्हणतात की मग लहान सॅम्पलवर पेपर लिहायचाच नाही का. लिहायचा की, फक्त त्याला जे जमतं ते त्याच्याकडून करून घ्यायचं. समजा एक जण फॉर्मच्या नादी न लागता आठच मुलांशी तासतासभर बोलला, आणि त्यातल्या तिघांनी सांगितलं की रेकॉर्डिंग आहे म्हणून लेक्चर पुढे ढकललं जातं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चाळीस तासांचं रेकॉर्डिंग साठलेलं असतं. इथे "३७.५ टक्के विद्यार्थी चालढकल करतात" असं लिहिणं चूक, आठाचे टक्के काढायचेच नसतात. पण "असं घडतं, आणि ते असं घडतं" हे तीन जणांवरूनही सिद्ध होतं. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हे दाखवायला एक माणूस पुरतो, "रेकॉर्डिंगचा सगळ्यांनाच फायदा होतो" हे खोडायलाही एकच पुरतो. किती जणांचं असं होतं हे मात्र आठांना विचारून कळत नाही, आणि एकानेही एखादी अडचण सांगितली नाही म्हणून ती नाही असंही म्हणता येत नाही. त्यालाही ढोबळ हिशोब आहे, ३ ला निवडलेल्या माणसांच्या संख्येने भागायचं: रँडम निवडलेल्या २० जणांत एकही केस सापडली नाही तरी ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत लोकांना ती अडचण असू शकते. "आमच्या अभ्यासात कुणालाही त्रास आढळला नाही" हे वाक्य लिहिण्याआधी हा भागाकार एकदा करून बघा, आणि तोही खरं तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २० साठीच आहे, ग्रुपवर आपणहून उत्तर दिलेल्यांसाठी नाही.